कर-ढाल आणि तिची किंमत : दिल्ली परिसरातील दोन कंपन्यांच्या आधारे एका सूत्राची चिकित्सा

प्रास्ताविक

भांडवल रचनेच्या प्रकरणात विद्यार्थ्यांना एक सूत्र शिकवले जाते. कर्ज घेतलेल्या कंपनीचे मूल्य हे कर्ज नसलेल्या तशाच कंपनीच्या मूल्यापेक्षा कराचा दर गुणिले कर्ज इतक्या रकमेने जास्त असते.

V_L = V_U + t × D

फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९६३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये हे सूत्र मांडले. त्याच दोघांच्या १९५८ च्या लेखात कर विचारात घेतल्यानंतरचे उत्तर चुकले होते आणि हा दुसरा लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती होती. परीक्षेत हे सूत्र सोडवून गुण मिळतात. पुढे एक परिच्छेद येतो की, कर्ज फार वाढले तर आर्थिक संकटाचा खर्च येतो आणि म्हणून कर्जाला मर्यादा असावी. त्यानंतर डोंगरासारखी एक वक्ररेषा काढली जाते, तिच्या माथ्यावर 'इष्टतम कर्ज' असे लिहिले जाते आणि प्रकरण संपते.

या पाठात आपण या मांडणीची चिकित्सा करणार आहोत. सूत्र चुकीचे आहे असे म्हणायचे नाही. ते कोणत्या गृहीतांवर उभे आहे आणि भारतीय कायद्यात व व्यवहारात ती गृहीते नेमकी कुठे ढासळतात, हे पाहायचे आहे. त्यासाठी दिल्ली परिसरातील दोन कंपन्या घेऊ. पहिली भूषण स्टील. तिचे मुख्यालय दिल्लीत होते आणि कारखाने गाझियाबादजवळ साहिबाबादला, रायगड जिल्ह्यात खोपोलीला व ओडिशात मेरामंडलीला होते. दुसरी नोएडाची जेपी इन्फ्राटेक. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग हिने बांधला आणि त्याच्या कडेला मिळालेल्या जमिनींवर घरांचे मोठे प्रकल्प हाती घेतले. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोठ्या थकीत कर्जाची जी १२ खाती दिवाळखोरी प्रक्रियेसाठी निवडली, त्यांत या दोन्ही होत्या. कायदा एकच आणि सुरुवातही एकाच उन्हाळ्यातली, पण दोघींचा शेवट फार वेगळा झाला. त्या फरकातच आपला विषय दडला आहे.

कर-ढाल म्हणजे काय?

कंपनीचा नफा दोन वाटांनी बाहेर जातो. धनकोंना व्याज मिळते आणि भागधारकांना उरलेला नफा. आयकर कायदा या दोन वाटांना सारखे वागवत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या कर्जावरचे व्याज हा खर्च मानला जातो व करपात्र नफ्यातून वजा होतो. भागधारकांना दिलेला लाभांश मात्र कर भरून झाल्यावर उरलेल्या पैशातून द्यावा लागतो.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचा व्याज व कर यांच्या आधीचा नफा दरवर्षी १०० कोटी रुपये आहे आणि कराचा दर २५ टक्के आहे. कर्ज नसेल तर ती २५ कोटी कर भरेल आणि मालकांना ७५ कोटी मिळतील. भागधारकांना १२.५ टक्के परतावा हवा असेल तर कंपनीचे मूल्य ७५ भागिले ०.१२५, म्हणजे ६०० कोटी होते.

आता तिने १० टक्के दराने ४०० कोटींचे कायमस्वरूपी कर्ज घेतले आणि त्या पैशातून भागधारकांचे तेवढे भांडवल परत केले. कारखाना, यंत्रे आणि माल यांत काहीच बदललेले नाही. व्याज ४० कोटी, करपात्र नफा ६० कोटी, कर १५ कोटी आणि भागधारकांना ४५ कोटी. धनको आणि भागधारक यांना मिळून आता ८५ कोटी मिळतात. आधी ७५ मिळत होते. हे जादा १० कोटी धंद्यातून आलेले नाहीत. ते सरकारच्या वाट्यातून आले आहेत. व्याजाच्या २५ टक्के इतकी ही वार्षिक बचत म्हणजेच कर-ढाल. ती कायम मिळत राहील असे मानून १० टक्के दराने आजचे मूल्य काढले तर १०० कोटी येते. हेच ०.२५ गुणिले ४००. कंपनीचे मूल्य ६०० वरून ७०० कोटी झाले.

इथपर्यंतचा तर्क निर्दोष आहे. मात्र वरच्या हिशेबात तीन गोष्टी मूकपणे गृहीत धरल्या आहेत : दरवर्षी व्याज वजा करण्याइतका नफा असतोच, व्याजाची वजावट लागलीच मिळते, आणि कर्ज वाढल्याने ते १०० कोटी स्वतः बदलत नाहीत. पहिली दोन गृहीते ढालीच्या मजबुतीविषयी आहेत आणि तिसरे संकटखर्चाविषयी.

पहिली त्रुटी : गरज असते तेव्हाच ढाल गळून पडते

कर वाचवायचा तर आधी कर लागू व्हायला हवा. ज्या वर्षी नफाच नाही, त्या वर्षी व्याजाने काय वाचणार? मूळ सूत्रात नफ्याची सरासरी येते, पण कर सरासरीवर लागत नाही. तो प्रत्येक वर्षाच्या नफ्यावर लागतो.

आपल्या काल्पनिक कंपनीचा नफा सरासरी १०० कोटीच राहू द्या, पण निम्म्या वर्षी तो १७० आणि निम्म्या वर्षी ३० कोटी असतो असे समजा. पोलाद आणि घरबांधणी या दोन्ही धंद्यांत अशी चढउतार नवलाची नाही. आता कर्ज २०० कोटी असेल तर व्याज २० कोटी. वाईट वर्षातही ते ३० कोटींत बसते, म्हणून ५ कोटींची ढाल पूर्ण मिळते. कर्ज ४०० कोटी केले तर व्याज ४० कोटी. चांगल्या वर्षी ते सगळे कामी येते, पण वाईट वर्षी ३० कोटींच्या पलीकडचे १० कोटी कोणताही कर वाचवत नाहीत. सरासरी कामी आलेले व्याज ३५ कोटी आणि सरासरी ढाल ८.७५ कोटी. सूत्र १० सांगत होते. कर्ज ५०० कोटी केले तर व्याज ५०, सरासरी कामी येणारे ४० आणि ढाल १० कोटी. सूत्र १२.५ सांगत होते.

भारतीय कायद्यात इथे आणखी एक बारकावा आहे. या दोन कंपन्यांच्या काळात लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३ब नुसार बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांना देय असलेले व्याज केवळ हिशेबात नोंदवून भागत नाही. ते प्रत्यक्ष भरले तरच वजा होते. फार तर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत भरले तरी चालते. शिवाय थकलेल्या व्याजाचे नवे कर्ज करून घेतले तर तो प्रत्यक्ष भरणा मानला जात नाही, असेही त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. याचा अर्थ नीट पाहा. अडचणीतल्या कंपनीला बँक मुदत वाढवून देते, जुने व्याज मुद्दलात मिळवते आणि ताळेबंदात कर्ज फुगते. सूत्रात D वाढला म्हणून मूल्य वाढले असे दिसेल. करखात्याच्या दृष्टीने मात्र त्या व्याजाची वजावट मिळालेलीच नाही. भरलेल्या व्याजामुळे तोटा झाला तर तो ८ वर्षे पुढे नेता येतो. पण भविष्यात कधी तरी मिळणारी वजावट आणि आज मिळणारी वजावट यांचे मूल्य सारखे नसते, आणि कंपनी तोवर टिकेल याचीही खात्री नसते.

दुसरा बारकावा बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांचा. नवी मालमत्ता घेण्यासाठी कर्ज काढले तर ती वापरात येईपर्यंतचे व्याज लगेच खर्च म्हणून वजा होत नाही. ते मालमत्तेच्या किमतीत मिळवले जाते आणि घसाऱ्याच्या रूपाने पुढे अनेक वर्षांत हळूहळू वजा होते. भूषण स्टीलचे मोठे कर्ज मेरामंडलीला वार्षिक ५६ लाख टन क्षमतेचा कारखाना टप्प्याटप्प्याने उभा करताना वाढले. अशा कंपनीत व्याज आज जाते आणि ढाल पुढे केव्हा तरी मिळते.

म्हणून कर-ढालीची पहिली परीक्षा कर्जाच्या आकड्यावर न घेता कंपनीने प्रत्यक्ष भरलेल्या करावर घ्यावी. रोख प्रवाह पत्रकात 'भरलेला आयकर' ही ओळ असते. ती सलग काही वर्षे शून्याच्या आसपास असेल तर त्या कंपनीच्या पुढच्या प्रत्येक रुपयाच्या कर्जाला कर-ढाल जवळजवळ नाही, सूत्र काहीही सांगो. कराचा दर बदलला तरी ढाल बदलते. २०१५-१६ साली मोठ्या देशी कंपन्यांचा अधिभार व उपकर धरून दर ३४.६०८ टक्के होता. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या कलम ११५बीएए खालील पर्यायाने तो २५.१६८ टक्के झाला. व्याजाचा एक रुपया पूर्वी सुमारे ३५ पैसे वाचवत होता, आता सुमारे २५ पैसे.

दुसरी त्रुटी : 'संकटखर्च' ही एकच रेषा नाही

आता तिसऱ्या गृहीताकडे वळू. १९७३ साली क्राउस आणि लिट्झेनबर्गर यांनी कर-ढाल आणि दिवाळखोरीचा खर्च यांचा एकत्र हिशेब मांडला आणि समतोल सिद्धांताला औपचारिक रूप दिले. त्यावर स्वतः मिलर यांनीच शंका घेतली. अमेरिकन फायनान्स असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात, जे १९७७ साली छापले गेले, त्यांनी या समतोलाची थट्टा घोडा आणि ससा यांच्या रश्श्याशी केली. रश्श्यात एक घोडा आणि एक ससा घातला तर चव कोणाची येणार? करबचत घोड्याएवढी आणि दिवाळखोरीचा खर्च सशाएवढा असेल, तर समतोल कसला? त्यांच्यासमोर जेरॉल्ड वॉर्नर यांचा अमेरिकी रेल्वे कंपन्यांचा अभ्यास होता. त्यात वकील, हिशेबनीस, न्यायालय यांचा थेट खर्च दिवाळखोरीच्या वेळच्या बाजारमूल्याच्या सुमारे ५ टक्केच निघाला होता.

मिलर यांचा आक्षेप थेट खर्चापुरता खरा आहे. पण कंपनी बुडू लागली की खरा खर्च वकिलांच्या बिलात दिसत नाही. पुरवठादार उधारी थांबवून रोख मागतात. चांगले अभियंते दुसरीकडे जातात. ग्राहक हात आखडता घेतात. नवा फायदेशीर प्रकल्प समोर असला तरी भागधारक त्यात पैसा घालत नाहीत, कारण त्याचे पहिले फळ धनकोंच्या पदरात पडणार असते. आंद्रादे आणि कॅप्लान यांनी १९९८ साली मोठ्या कर्जाने खरेदी झालेल्या आणि नंतर अडचणीत आलेल्या अमेरिकी कंपन्या तपासल्या. त्यांचा अंदाज असा की आर्थिक संकटाने कंपनीचे मूल्य १० ते २० टक्के घटते. त्यांनी निवडलेल्या कंपन्यांचा धंदा मुळात चांगला होता, म्हणून हा आकडा सर्वांना लावता येत नाही. कोणाला लावता येत नाही, हे आपल्या दोन कंपन्या दाखवतात.

भूषण स्टील : यंत्रे जागेवर राहिली

२०१४-१५ पासून जगात पोलादाचे भाव पडले आणि चीनचा स्वस्त माल बाजारात आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये भारत सरकारला पोलादाच्या १७३ प्रकारांवर किमान आयात किंमत लावावी लागली. कर्ज काढून क्षमता वाढवलेल्या कंपन्यांना याचा सर्वांत मोठा फटका बसला. २६ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या दिल्ली खंडपीठाने भूषण स्टीलविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला. वित्तीय धनकोंचे मान्य दावे सुमारे ५६ हजार कोटी रुपयांचे होते. मे २०१८ मध्ये टाटा स्टीलची योजना मंजूर झाली आणि वित्तीय धनकोंना सुमारे ३५ हजार कोटी रुपये, म्हणजे दाव्यांच्या सुमारे ६३ टक्के मिळाले. या सगळ्याला दहा महिनेही लागले नाहीत. पुढे २०२१ मध्ये ही कंपनी टाटा स्टीलमध्ये विलीन झाली.

बँकांनी २० हजार कोटींहून अधिक गमावले आणि जुन्या भागधारकांची बहुतेक मालकी गेली. पण नीट पाहा, हे सगळे संकटखर्च नव्हे. पोलादाचे भाव पडल्याने कारखान्याचे मूल्य कमी झाले, ते कर्ज नसते तरी झाले असते. संकटखर्च म्हणजे कर्जामुळे जे जादा नष्ट झाले तेवढेच. झोतभट्टी मालकाचे नाव पाहून थंड होत नाही. तिचे उत्पादन कोणालाही विकता येते आणि ते चालवू शकणारे दुसरे उद्योजक देशात होते. मालकी बदलली, धंदा चालू राहिला. अशा कंपनीत संकटखर्च मर्यादित राहतो.

जेपी इन्फ्राटेक : ग्राहकच धनको

जेपी इन्फ्राटेकविरुद्धचा आयडीबीआय बँकेचा अर्ज ९ ऑगस्ट २०१७ रोजी अलाहाबाद खंडपीठाने दाखल करून घेतला, म्हणजे भूषण स्टीलनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. वित्तसंस्थांचे दावे ९,७८३ कोटी रुपयांच्या घरात, भूषण स्टीलच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. तरीही सुरक्षा समूहाची योजना मंजूर व्हायला ७ मार्च २०२३ उजाडले. साडेपाच वर्षांहून अधिक काळ! दरम्यान २० हजारांहून अधिक घरखरेदीदार अडकले होते.

हा काळ का लागला? अर्धवट इमारत ही झोतभट्टीसारखी नसते. ती पूर्ण होईल असा विश्वास असेल तरच तिला किंमत असते. घर घेणारा बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्ते भरतो. कंपनी अडचणीत असल्याची कुणकुण लागली की जुने खरेदीदार हप्ते थांबवतात आणि नवे येत नाहीत. हप्ते थांबले की काम थांबते, काम थांबले की उरलेला विश्वास जातो. मग गृहकर्जाचा हप्ता आणि राहत्या घराचे भाडे दोन्ही भरणारा खरेदीदार न्यायालयात जातो. संकटाची शंका इथे संकटाला जन्म देते.

या प्रकरणात कायद्याचाच पेच होता. सुरुवातीला घरखरेदीदारांना संहितेत वित्तीय धनकोचे स्थान नव्हते. जून २०१८ च्या अध्यादेशाने ते मिळाले आणि खरेदीदाराने दिलेली रक्कम ही कर्जाचाच परिणाम साधणारी रक्कम मानली गेली. शिवाय या कंपनीची जमीन तिच्या मूळ कंपनीच्या कर्जासाठी गहाण ठेवलेली होती. त्यातल्या ७५८ एकरांवरचे गहाण सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२० रोजी अयोग्य झुकते माप देणारा व्यवहार ठरवला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नव्या योजना मागवायला सांगितले. प्रत्येक टप्प्यावर वर्ष गेले आणि वर्षागणिक उघड्या सळ्या गंजत राहिल्या.

२०१८ च्या त्या दुरुस्तीत आपल्या सूत्रासाठी मोठा धडा आहे. खरेदीदारांचे आगाऊ पैसे ही कर्जासारखीच जबाबदारी आहे. पण त्यावर कंपनी व्याज देत नाही, म्हणून त्यातून कर-ढाल शून्य मिळते. संकटखर्च मात्र पुरेपूर वाढतो. पाठ्यपुस्तकातल्या D मध्ये ही रक्कम येतच नाही. घरबांधणी कंपनीचे कर्ज तपासताना ताळेबंदातील 'ग्राहकांकडून आगाऊ रक्कम' ही ओळ वाचली नाही, तर कर्ज किती आहे हेच कळलेले नसते.

हिशेब पुन्हा मांडू

आता आपल्या काल्पनिक कंपनीच्या दोन आवृत्त्या करू. दोघींचा सरासरी नफा १०० कोटी आणि कर्जाविना मूल्य ६०० कोटी. एक पोलाद बनवते. संकट आले तर तिच्या मूल्यातले १५ टक्के, म्हणजे ९० कोटी नष्ट होतात. दुसरी घरे बांधते. तिचे ४० टक्के, म्हणजे २४० कोटी नष्ट होतात. संकटाची शक्यता २०० कोटी कर्जाला ५ टक्के, ४०० ला २५ टक्के आणि ५०० ला ४५ टक्के धरू. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. वाईट वर्षी कामी न आलेले व्याज पूर्ण वाया गेले असेही मानू. प्रत्यक्षात त्यातले काही पुढे वसूल होते, म्हणून आपला अंदाज थोडा कठोर आहे.

| कर्जातील वाढ | सूत्रानुसार जादा ढाल | खरी जादा ढाल | पोलाद : जादा संकटखर्च | घरे : जादा संकटखर्च |
|---|---|---|---|---|
| २०० ते ४०० | ५० | ३७.५ | १८ | ४८ |
| ४०० ते ५०० | २५ | १२.५ | १८ | ४८ |

सर्व आकडे कोटी रुपयांत आहेत. पहिली ओळ कशी आली ते पाहा. खरी वार्षिक ढाल ५ वरून ८.७५ कोटी झाली, म्हणजे ३.७५ कोटींची वाढ. १० टक्के दराने तिचे मूल्य ३७.५ कोटी. संकटाची शक्यता २० टक्क्यांनी वाढली. ९० चे २० टक्के १८ आणि २४० चे २० टक्के ४८.

आता निर्णय घ्या. सूत्रातील ढाल वापरली तर घरबांधणी कंपनीने ४०० कोटींपर्यंत जावे असे दिसते, कारण ५० हे ४८ पेक्षा जास्त आहे. खरी ढाल घेतली तर ३७.५ हे ४८ पेक्षा कमी. तिने २०० कोटींवरच थांबायला हवे. पोलाद कंपनीला सूत्र ५०० कोटींपर्यंत नेते, कारण २५ हे १८ पेक्षा जास्त. खऱ्या ढालीने मात्र ती ४०० वर थांबते. नफा सारखा, कर सारखा, व्याजदर सारखा. तरी एकीचे शहाणपणाचे कर्ज दुसरीच्या निम्मे. म्हणजे इष्टतम कर्ज हे व्याज व नफा यांच्या गुणोत्तरावरून थेट वाचता येत नाही. संकटात मालमत्तेचे काय होते, हे आधी विचारावे लागते.

तिसरी त्रुटी : खर्च कोण भरतो?

समतोल सिद्धांताचा सर्वांत कमी तपासलेला भाग हा आहे. सिद्धांत म्हणतो की संकटखर्च शेवटी भागधारकांवरच पडतो, कारण धनको आधीच धोका ओळखतात आणि जास्त व्याज मागतात. म्हणून मालक स्वतःच्या हितासाठीच योग्य ठिकाणी थांबतो. हा तर्क सुबक आहे, पण तो धनको जाणकार असण्यावर अवलंबून आहे.

बँकेला ताळेबंद वाचता येतो. निदान वाचायला हवा. नोएडात पहिले घर घेणाऱ्या कुटुंबाने बांधकाम कंपनीचे व्याज-संरक्षण गुणोत्तर पाहून किमतीत सूट मागितली असेल का? त्यांनी धोका पत्करला, पण त्याची किंमत वसूल केली नाही. मग संकटखर्चाचा तो भाग मालकाच्या हिशेबात येतच नाही. वरच्या तक्त्यात घरबांधणी कंपनीच्या ४८ कोटींपैकी समजा ३० कोटी खरेदीदारांवर पडणार असतील, तर मालकाला फक्त १८ दिसतील आणि ३७.५ कोटींच्या ढालीसाठी तो बेधडक ४०० कोटींपर्यंत जाईल. त्याच्या बाजूने तो सिद्धांत पाळतो आहे आणि तरीही एकूण मूल्य घटते आहे. ढालीचे ३७.५ कोटीही समाजाने निर्माण केलेली संपत्ती नाही. तो सरकारी महसूल एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला आहे. संकटात गेलेले ४८ कोटी मात्र खरोखर नष्ट होतात.

या दृष्टीने स्थावर संपदा कायदा, २०१६ पाहण्यासारखा आहे. त्यानुसार खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. हा नियम कर्जाला हात लावत नाही, पण कर्जाच्या अडचणीची झळ बांधकामाला किती लागेल, हे तो मर्यादित करतो. समतोलाच्या भाषेत सांगायचे तर तो संकटाची शक्यता कमी करण्यापेक्षा संकटखर्चाचा आकडा कमी करतो.

समारोप

१९६३ च्या सूत्रातला t × D हा कर-ढालीच्या मूल्याचा वरचा टोकाचा अंदाज आहे. नफा कधीच आटत नाही, व्याज दरवर्षी भरले जाते आणि वजावट लगेच मिळते, तरच तो खरा ठरतो. कर्ज वाढत जाते तसा ढालीचा प्रत्येक नवा रुपया कमी मजबूत होत जातो आणि संकटाचा प्रत्येक नवा टक्का आधीइतकाच किंवा जास्त महाग पडतो. मिलर यांच्या घोड्या-सशाच्या उपमेला उत्तर हेच की, घोडा आणि ससा यांचे आकार ठरलेले नाहीत. मेरामंडलीच्या झोतभट्टीपाशी ससा लहान होता. नोएडाच्या अर्धवट इमारतींपाशी तो घोड्याहून मोठा झाला.

स्वाध्याय

१. वरच्या तक्त्यात कराचा दर २५ ऐवजी ३५ टक्के धरून खरी जादा ढाल काढा. कर्जाविना मूल्य आणि संकटखर्च तेच राहिले असे माना. घरबांधणी कंपनीचा निर्णय बदलतो का? पोलाद कंपनीचा?

२. आपल्या माहितीतील एका सूचीबद्ध घरबांधणी कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या. व्याज, प्रत्यक्ष भरलेला आयकर आणि ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम हे तीन आकडे तीन वर्षांसाठी नोंदवा. तिच्या पुढच्या १०० कोटींच्या कर्जाला कितपत कर-ढाल मिळेल, ते सकारण लिहा.

३. एका सॉफ्टवेअर कंपनीची मुख्य मालमत्ता तिची माणसे आहेत. तिचा नफा स्थिर आहे आणि ती पूर्ण दराने कर भरते. सूत्र तिला भरपूर कर्ज घ्यायला सांगते. या पाठाच्या आधारे तुम्ही तिला काय सांगाल?